‘काहीही चालेल’ हे वाक्य आधी काढा

«क्लायंटकडे टेस्टिमोनियल मागायचं म्हटलं की माझा मेसेज एकतर लोचट वाटतो नाहीतर उद्धट. काम आवडलंय हे माहीत असूनही उत्तर येत नाही. नेमकं काय लिहायचं?»

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा मेसेजची भाषा बहुतेक वेळा वाईट नसते. मेसेज वाचून झाल्यावर समोरच्याच्या डोक्यावर किती काम उरतं, आणि नाही म्हणायचं झालं तर ते किती अवघड जातं, हे मी पाहते. या दोन गोष्टी हलक्या झाल्या की आदर वेगळा ओतावा लागत नाही.

एक मेसेज समोर ठेवते. माझ्या एका वेब डिझायनर मैत्रिणीने एका फिजिओथेरपी क्लिनिकसाठी ऑनलाइन अपॉइंटमेंट घेण्याचं पान करून दिलं होतं. क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांना तिने हे पाठवायचं ठरवलं होतं:

> हाय मॅडम! साइट मस्त चाललीय ना? एक छोटंसं टेस्टिमोनियल द्याल का प्लीज? दोन ओळी, काहीही चालेल. माझी नवी वेबसाइट उद्या लाइव्ह करतेय, आज मिळालं तर फार बरं होईल. तुम्ही नाही म्हणणार नाही हे माहितीये!

असाच मेसेज आधी दोन क्लायंटना गेला होता. दोन्हीकडे निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर कुणाचंच नव्हतं. म्हणून तिसऱ्या वेळी तिने आधी मला दाखवला.

यातलं ‘काहीही चालेल’ तिने डॉक्टरांना सोपं जावं म्हणून लिहिलं होतं, पण अडतं नेमकं तिथेच. काहीही लिहा म्हटलं की कशाबद्दल लिहायचं, किती कौतुक करायचं, सूर कसा ठेवायचा हे सगळं त्या माणसालाच ठरवावं लागतं. दिवसभर पेशंट तपासून थकलेली व्यक्ती हे ‘नंतर निवांत लिहू’ म्हणून बाजूला ठेवते, आणि तो निवांतपणा येत नाही. कुणी भिडेखातर लिहिलंच तर ‘खूप छान काम, धन्यवाद’ एवढंच येतं. ते वाचून नव्या क्लायंटला काहीही कळत नाही.

‘आज मिळालं तर’मध्ये तिची घाई डॉक्टरांच्या गळ्यात पडते. आणि ‘नाही म्हणणार नाही’ हे लाडाने लिहिलेलं असलं तरी ते दार बंद करतं. ज्याला नकार द्यायचाय त्याच्याकडे मग गप्प बसणं एवढाच मार्ग उरतो.

पहिला प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकला. ‘मस्त चाललीय ना?’ यात एक खरी चौकशी आहे, पण तिला लागूनच मागणी आल्यामुळे तक्रार करायला जागा राहत नाही. म्हणून आम्ही दोन्ही वेगळं केलं. आधी तिने फक्त एवढंच विचारलं, की पान नीट चालतंय का, काही अडतंय का. उत्तर त्याच दिवशी आलं: काही जुन्या मोबाइलवर तारखांचा तक्ता उजवीकडे कापला जात होता. तिने तो दुरुस्त केला, डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आणि एक आठवडा जाऊ दिला. त्या आठवड्यात शेवटच्या बिलाचे पैसेही जमा झाले. बिल थकलेलं असताना टेस्टिमोनियल मागू नये असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजूंना ते देवाणघेवाणीसारखं वाटायला लागतं.

मग मी तिला विचारलं, की डॉक्टर या कामाबद्दल आपणहून कधी काही बोलल्या होत्या का? तिला फोनवरचं एक बोलणं आठवलं, आणि सगळा मेल त्यावर उभा राहिला.

> विषय: अपॉइंटमेंटच्या पानाबद्दल एक छोटी विनंती
>
> नमस्कार मॅडम,
>
> मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही म्हणाला होतात, की सकाळचे फोन बरेच कमी झालेत आणि रिसेप्शनवरच्या ताईंना समोरच्या पेशंटशी नीट बोलता येतं. ते माझ्या लक्षात राहिलं, कारण पान करताना हेतू तोच होता.
>
> माझ्या वेबसाइटवर मी पूर्ण झालेल्या कामांची माहिती देते आहे. तिथे या कामासोबत तुमचा अभिप्राय असावा असं वाटतं. सवडीने एवढं सांगू शकाल का: हे पान सुरू होण्याआधी सकाळ कशी जायची, आणि आता काय वेगळं आहे? दोन-तीन वाक्यं पुरेत. या मेललाच उत्तर दिलंत तरी चालेल, किंवा व्हॉइस नोट पाठवलीत तर मी लिहून काढून तुम्हाला दाखवीन.
>
> लिहायला वेळ नसेल, तर फोनवरचं तुमचं म्हणणं वर लिहिलंय तसं वापरू का? ‘चालेल’ एवढं कळवलंत तरी पुरे, शब्द बदलावेसे वाटले तर जरूर बदला. तुमचं नाव द्यायचं की फक्त हुद्दा, हे तुम्ही सांगाल तसं. तुम्ही अंतिम मजकूर पाहिल्याशिवाय मी काहीही टाकणार नाही, आणि नंतर कधी काढावासा वाटला तर लगेच काढीन.
>
> हे शक्य नसेल तर अजिबात संकोच करू नका. उत्तर नाही आलं तर मी तसं समजून घेईन.

मेल मूळ मेसेजपेक्षा बराच मोठा झाला, आणि मैत्रिणीची पहिली शंका तीच होती. पण इथे वाचायला लागणारा वेळ आणि उत्तर द्यायला लागणारा वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. तिचा मेसेज पाच सेकंदांत वाचून व्हायचा, उत्तराला अर्धा तास लागला असता. हा मेल वाचायला मिनिटभर लागतो आणि उत्तर एका शब्दात देता येतं. शिवाय डॉक्टरांच्या मनात येतील असे प्रश्न, म्हणजे कुठे छापणार, नाव येणार का, शब्द बदलणार का, यांची उत्तरं आधीच दिलेली असल्यामुळे उलट विचारायला लागत नाही.

प्रश्न ‘आधी आणि आता’ असा का? ‘कसं वाटलं?’ विचारलं की माणूस विशेषणं शोधतो. आधी काय व्हायचं हे विचारलं की त्याला प्रसंग आठवतो, आणि प्रसंग सांगायला लेखनाची हातोटी लागत नाही. एकच प्रश्न ठेवा. पाच प्रश्न विचारले की तो फॉर्म होतो.

फोनवरच्या वाक्याबाबत एक काळजी घ्यायला हवी. ते तिच्या आठवणीतलं होतं, म्हणजे शब्द अर्धे तिचे होते. असं वाक्य डॉक्टरांच्या नावाने परस्पर अवतरणात टाकणं मला मान्य नाही. ‘तुम्ही म्हणाला होतात की’ असं त्यांच्यापुढे ठेवून होकार घेतला, की ते त्यांचं होतं. स्वतःच चार कौतुकाची वाक्यं रचून ‘यावर फक्त हो म्हणा’ असं पाठवणं वेगळं. क्लायंट भिडेने हो म्हणतोही, पण मग पानावरची सगळी टेस्टिमोनियल्स एकाच हाताने लिहिल्यासारखी वाचायला लागतात आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं.

मैत्रिणीच्या मनात आणखी एक होतं: अभिप्राय दिला तर एक महिन्याची देखभाल मोफत द्यायची. मी ते काढायला लावलं. मोबदला देऊन घेतलेला अभिप्राय छापताना तसं सांगणं भाग आहे, आणि सांगितलं की त्याचं वजन उतरतं. (गूगलवरच्या रिव्ह्यूसाठी तर काही देऊ करणं त्यांच्या धोरणातच बसत नाही. टेस्टिमोनियल आणि रिव्ह्यू यांची सरमिसळ करू नका, एका मेलमध्ये दोन्ही तर मुळीच मागू नका.)

उत्तर चौथ्या दिवशी आलं:

> आधी फोन उचलता उचलता समोर उभ्या असलेल्या पेशंटकडे बघणंही व्हायचं नाही. आता निम्म्याहून जास्त लोक स्वतःच वेळ घेतात. वयस्कर पेशंटना सुरुवातीला जड गेलं, त्यांना समजावण्यात दोन आठवडे गेले. नाव नको, हुद्दा द्या.

शेवटच्या आधीचं वाक्य तिला गाळायचं होतं. तिची अडचण मला कळत होती, तरी मी ठेव म्हटलं. ज्याचे ग्राहक वयस्कर आहेत अशा पुढच्या क्लायंटला नेमकी हीच माहिती हवी असते, आणि एवढं सांगणाऱ्या व्यक्तीच्या बाकीच्या दोन वाक्यांवर विश्वास बसतो. जागेसाठी वाक्य काढायचंच असेल तर कापलेला मजकूर डॉक्टरांना दाखवून मगच. शुद्धलेखन सुधारलं तरी दाखवायचं, कारण मेलमध्ये तसा शब्द दिलाय. तिने तिन्ही वाक्यं जशीच्या तशी ठेवली.

उत्तर आलं नसतं तर? दहा-बारा दिवसांनी त्याच मेलच्या खाली दोन ओळी: ‘मागचा मेल राहून गेला असेल म्हणून एकदाच आठवण करते. सध्या जमत नसेल तर राहू द्या, यानंतर विचारणार नाही.’ आणि खरंच विचारायचं नाही. दुसरी आठवण पाठवली की मेलमध्ये दिलेली मोकळीक खोटी ठरते.

आधीच्या दोन अनुत्तरित मेसेजचंही आम्ही काहीतरी करायचं ठरवलं. तिने दोघांनाही लिहिलं, की घाईत विचारलं, त्याबद्दल माफ करा, आणि मग त्या-त्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारून नकाराची वाट मोकळी ठेवली. एकाचं उत्तर आजही नाही. दुसरे एका मोठ्या कंपनीत व्यवस्थापक आहेत, त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. बाहेरच्या पुरवठादारांबद्दल कंपनीच्या नावाने जाहीर काही लिहायचं तर वरून मंजुरी लागते, आणि ती मिळणं कठीण होतं. पहिल्या मेसेजला नाही कसं म्हणावं हे न कळल्यामुळे ते गप्प राहिले होते. खाली त्यांनी एक ओळ जोडली होती: कुणा नव्या क्लायंटला तुमच्या कामाबद्दल माझ्याशी बोलायचं असेल, तर आधी मला कळवून माझा नंबर द्या.