गोऱ्या साहेबाला तिळगुळ

द्राक्षाच्या निर्यातीत जानेवारी म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. दिंडोरीकडच्या बागांतून माल पॅकहाऊसला येत असतो, न्हावाशेवाच्या बोटींच्या तारखा सारख्या बदलतात आणि परदेशातल्या खरेदीदारांचा सगळा पत्रव्यवहार नाशिकच्या ऑफिसात माझ्याकडे असतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, अण्णांनी फोनवर एक मेसेज पाठवला आणि मागोमाग फोन केला. "ताई, हा आपल्या सगळ्या इंग्लंडवाल्यांना टाका. मराठी वर, इंग्रजी खाली. त्यांना पुढे कोणाला पाठवायचा असेल तर पाठवता आला पाहिजे."

सोबत चंद्रकळा नेसलेल्या, हलव्याचे दागिने घातलेल्या बाईचं चित्र होतं. त्यावर 'तिळगुळ घ्या, गोड गोड बोला' आणि खाली इंग्रजी ओळ: 'टेक तिळगुळ अँड स्पीक स्वीट स्वीट.'

यादीतलं पहिलं नाव वाचून मी थांबले. गेल्या हंगामात याच खरेदीदाराशी आमचं वाजलं होतं. एका कंटेनरमध्ये मणीगळ निघाली, त्यांनी क्लेम लावला, आम्ही हरकत घेतली आणि महिनाभर दोन्हीकडून कडक ईमेल गेले. शेवटी तडजोड झाली आणि या हंगामाची ऑर्डरही आली होती. अशा माणसाला 'नीट बोला' असं लेखी पाठवायचं? मराठी माणसाला त्यात हात पुढे केलेला दिसतो. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र तो टोमणा वाटला असता. शिवाय इंग्रजीत 'स्वीट टॉक' म्हणजे काम काढून घेण्यासाठी केलेली लाडीगोडी. म्हणजे एक तर आम्ही त्याला दम देतोय, नाही तर खुशामत करायला सांगतोय, एवढेच दोन अर्थ उरत होते.

अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग सरळ हॅपी मकर संक्रांती टाका." त्याने कोणाचं बिघडलं नसतं हे खरं. पण त्यात तीळ नाही, गूळ नाही, हातावर ठेवणं नाही. बँका आणि विमा कंपन्यासुद्धा तसा मेसेज पाठवतात. मला ते पटेना, म्हणून दुपारच्या सुट्टीत कागद घेऊन बसले.

पहिला अडथळा 'घ्या'चा. आपल्या 'घ्या'त आग्रह असतो, हुकूम नसतो. इंग्रजीत 'टेक' म्हटलं की औषधाच्या बाटलीवरची सूचना वाटते. पण इंग्रज माणूस घरी आलेल्याला बिस्किटं पुढे करताना 'हॅव सम' म्हणतो. तेच आपलं 'घ्या'. दुसरा अडथळा 'बोला'चा. आपण म्हणतो 'बोला', पण मनात असतं 'आपण दोघं बोलू'. म्हणून तिथे 'लेट देअर बी ओन्ली काइंड वर्ड्स बिटवीन अस' असं लिहिलं. 'बिटवीन अस' म्हटल्याने बोलणाराही त्यात बांधला जातो. 'स्वीट'च्या जागी 'काइंड' घेतलं, कारण गोडवा पदार्थात येणारच होता.

तरीही टोमण्याची शंका पुरती जाईना. मग अण्णांच्या आई आठवल्या. त्या संक्रांतीला पॅकहाऊसमध्ये येतात आणि ट्रकच्या ड्रायव्हरपासून द्राक्षं निवडणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवत तेच वाक्य म्हणतात. भांडण झालेल्यालाही तेच, न झालेल्यालाही तेच. त्यातला डंख निघतो तो याच्यामुळे. हे वाचणाऱ्याला आधी कळलं की पुढचं वाक्य अंगाला लागत नाही. म्हणून 'भेटेल त्या प्रत्येकाला आम्ही हे म्हणतो' ही गोष्ट मेसेजमध्येच घातली, आणि तीही आधी.

सूर्याचं काही लिहावं का, याचाही विचार केला. अण्णांच्या मसुद्याच्या दुसऱ्या ओळीत 'आजपासून दिवस मोठा होतो' असं होतं. ते मी काढलं. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला होऊन गेलेला असतो. निरयन पंचांगाप्रमाणे सूर्य मकर राशीत १४ जानेवारीच्या सुमारास येतो. फार पूर्वी या दोन गोष्टी एकाच वेळी येत, अयनचलनामुळे त्या लांब गेल्या. आपल्याकडे हा फरक फारसा जाणवत नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आसपास अंधार पडतो, तिथला माणूस उजेडाची वाट बघतच असतो. त्याला ही ओळ लगेच खटकली असती.

चित्रही वगळलं. काळी साडी आपल्यासाठी थंडीतली ऊब, तिकडे काळा रंग दुखवट्याचा. आणि चित्रातला मजकूर सहज कॉपी करता येत नाही, सहज शोधताही येत नाही. वरची मराठी ओळ देवनागरीतच ठेवली. रोमन लिपीत 'गोड' लिहायला गेलं की जी-ओ-डी ही अक्षरं येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं आपण देवाला हाका मारतोय.

पुढे पाठवता येण्यासाठी आणखी दोन शब्द गेले. 'नाशिकहून' हा शब्द मला फार हवा होता, पण तो मँचेस्टरच्या माणसाने लीड्सच्या मित्राला पाठवला की खोटा ठरतो. 'आज'सुद्धा काढलं. तिळगुळ आपण रथसप्तमीपर्यंत देतो, मग मेसेज दोन दिवसांनी वाचणाऱ्याला तो शिळा का वाटावा? शेवटी उरलं ते असं:

'तिळगुळ घ्या, गोड बोला. अॅट संक्रांत वी पुट अ लिटल स्वीट ऑफ सेसमी अँड जॅगरी इनटू द हँड ऑफ एव्हरीवन वी मीट, अँड से: हॅव सम तिळगुळ, अँड लेट देअर बी ओन्ली काइंड वर्ड्स बिटवीन अस. हिअर इज युअर्स.'

'तिळगुळ' हा शब्द तसाच राहिला, कारण त्याचा अर्थ आधीच्याच वाक्यात आला आहे. 'हिअर इज युअर्स' मात्र मी जपून ठेवलं. तिथे सांगणं संपतं आणि खरोखर काहीतरी हातावर येतं. अण्णांना गेल्या वर्षीच्या क्लेमबद्दलही एक ओळ हवी होती. मी म्हटलं, "अण्णा, तसं असेल तर त्यांना वेगळा फोन करा. ही ओळ त्यांच्या मित्राकडे गेली तर त्याला काय कळणार?" त्यांनी मान्य केलं, आणि फोनही केला.

दुसऱ्या दिवशी, आमच्या संध्याकाळी, त्या खरेदी व्यवस्थापकाचं उत्तर आलं. मेसेज त्याने आपल्या गोदामाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथल्या लोकांनी तिळगुळ मागितला होता आणि पुढच्या कंटेनरमध्ये एक डबा ठेवता येईल का, असं तो विचारत होता. नाही म्हणताना वाईट वाटलं. कंटेनरच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर फक्त द्राक्षं असतात, त्यात दुसरं काही घालता येत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये ज्या चौदा पदार्थांची ॲलर्जी लेबलवर सांगावी लागते त्यांत तीळही आहेत आणि शेंगदाणेही, आणि आमच्या लाडवात दोन्ही असतात. हे सगळं त्याला लिहिलं आणि फेब्रुवारीत त्याचा माणूस माल बघायला येईल तेव्हा इथेच देऊ असं कळवलं. फक्त त्याला तिळाचं किंवा शेंगदाण्याचं वावडं आहे का, हे आधी विचारलं.

अण्णा खूश आहेत. आता त्यांना दसऱ्याचाही असाच मेसेज हवा आहे. त्याचा मसुदा अजून माझ्याकडे पडून आहे, कारण माल विकणाऱ्याने माल घेणाऱ्याला लेखी 'सोनं घ्या' म्हटलं तर ती लाच वाटते. त्यात आपट्याचं पान आधी यायला हवं, सोनं मागून.