आमची वाटचाल : शर्ट बदलला, माळ तशीच राहिली

आमचा धंदा मुळात लग्नाच्या फोटोंचा. पण सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने बरेच आहेत, आणि त्यांना कॅटलॉग लागतोच. लग्नसराई संपली की आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांच्याकडे खेपा घालायचो. सिक्युरिटी गार्ड, हॉटेलचा स्टाफ, दवाखान्यातले कर्मचारी अशा मोठ्यांच्या युनिफॉर्मचं काम आमच्याकडे यायचं. त्यात एकच शर्ट दहा-बारा रंगांत दाखवायचा असतो. प्रत्येक रंगाचा नमुना शिवा, इस्त्री करा, मॉडेलला घाला, पुन्हा लाइट लावा. एका शर्टात दिवस जायचा आणि पैसे मात्र एका शर्टाचेच मिळायचे.

नुसता रंग फोटोशॉपमध्ये बदलता येतो. अडतं ते साधं कापड जाऊन चेक्स हवं असेल, कॉलरची तऱ्हा वेगळी हवी असेल किंवा खांद्यावर पट्टी हवी असेल तेव्हा. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन, म्हणजे लिहिलेल्या शब्दांवरून चित्र काढणारं एआय, सगळ्यांसाठी खुलं झालं. भाच्याने ते त्याच्या गेम खेळायच्या काँप्युटरवर बसवलं आणि मला म्हणाला, "मामा, शर्टावर ब्रश फिरवा, खाली काय हवं ते लिहा, बास." त्या 'बास'ला पुढे आमचे सात-आठ महिने गेले.

पहिलं काम एका कारखानदाराचं होतं. आकाशी शर्टातला सुपरवायझर होता, तो गडद निळ्या, खांद्यावर पट्ट्या असलेल्या शर्टात दाखवायचा होता. मॉडेल म्हणून त्यांच्याच कारखान्यातले एक काका उभे होते. भरघोस मिशा, रुबाबदार चेहरा, आणि कॉलरच्या फटीतून दिसणारी तुळशीची माळ. काका वारकरी.

ज्या आकड्यावर सगळं अडतं तो स्क्रीनवर `Denoising strength` या नावाने दिसतो. त्याची पट्टी शून्यापासून एकपर्यंत असते. ब्रश फिरवलेल्या भागावर प्रोग्रॅम आधी मुरमुऱ्यासारखा दाणा टाकतो आणि मग तो पायरीपायरीने पुसत नवं चित्र काढतो. किती दाणा टाकायचा हे हा आकडा ठरवतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये ३० पायऱ्या ठेवल्या आणि आकडा ०.६ दिला, तर प्रत्यक्षात १८ पायऱ्याच चालतात. आधीच्या बाराचं काम जुन्या फोटोनेच केलेलं आहे असं धरलं जातं. आणि त्या आधीच्या पायऱ्यांतच मोठ्या गोष्टी ठरतात : रंग, उजेड-सावली, बाह्यरेषा. विणकाम, शिवण, काज ही बारीक नक्षी शेवटी येते.

हे कळायच्या आधी आम्ही नुसते आकडे टाकत बसलो. ०.४ ला शर्ट आकाशीच राहिला, फक्त मळकट झाला. शब्दांत कितीही 'गडद निळा' लिहा, रंग ठरायच्या पायऱ्या मागेच राहून गेलेल्या. ०.९ ला शर्ट झकास निळा झाला, पट्ट्याही आल्या. पण बाह्यांच्या चुण्या काकांच्या कोपराच्या वाकाशी जुळेनात, आणि पोटावर ठेवलेल्या हाताशेजारी तिसऱ्याच कोणाच्या तरी बोटांची टोकं उगवली. माळेच्या जागी सोनेरी साखळी होती. आमच्या कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. आम्ही पट्ट्यांवर खूश होतो.

काकांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "सायेब, माळ कुठं गेली माझी?"

पंढरपूर आमच्यापासून दीड-दोन तासांवर. माळ घातलेल्या माणसाच्या गळ्यात साखळी दाखवणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो फोटो आम्ही पुसला.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली मास्कमध्ये, म्हणजे ब्रशने रंगवलेल्या भागात. कॉलरभोवती आम्ही ढोबळ हात मारला होता, त्यात मानही आली आणि माळही. मास्कमध्ये जे आलं ते मोठ्या आकड्याला वाचत नाही. आता कातडीला लागून असलेली कड, म्हणजे मान, मनगट आणि पोटावरचा हात, आम्ही कापडाच्या रेषेवरच थांबवतो. मागच्या पडद्याच्या बाजूला मात्र कड दहा-पंधरा पिक्सेल बाहेर सोडतो, नाहीतर जुन्या शर्टाची आकाशी किनार नव्या शर्टाभोवती राहते.

याच्या आड एक छुपी अडचण होती. हा प्रोग्रॅम फोटोवर थेट काम करत नाही. त्याच्या आठव्या हिश्श्याएवढ्या लहान रूपावर करतो. तिथला एक चौकोन म्हणजे फोटोतले आठ बाय आठ पिक्सेल. तीन हजार पिक्सेल उंचीचा फोटो हजारावर आणून काम केलं, तर तोच चौकोन मूळ फोटोत चोवीस पिक्सेलचा होतो. माळेचा मणी तेवढाच भरतो! म्हणून `Inpaint area` मध्ये `Only masked` निवडायचं, म्हणजे फक्त धडाचा तुकडा कापून त्यावर काम होतं आणि चौकोन मूळ आकाराच्या जवळ राहतो. भोवती थोडी जागा सोडावी लागते, कारण हनुवटी कुठे आहे हे दिसल्याशिवाय कॉलर नीट बसत नाही.

दुसरी चूक आकड्याकडून फार मागण्याची. आकाशीपासून गडद निळ्यापर्यंतचं सगळं अंतर आम्ही एका आकड्याच्या जिवावर तोडत होतो. ते आधीच कमी केलं तर? गिंप या फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये शर्टावर नवा थर घेतला, `Multiply` लावला आणि सपाट निळा रंग ओतला. आकाशी कापड लगेच निळं झालं, मूळ चुण्या आणि सावल्या जागच्या जागी. खांद्यावरच्या पट्ट्या हाताने चौकटी काढून ढोबळ रंगवल्या, अगदी चौथीतल्या पोराने काढाव्यात तशा. मग हा फोटो खाली ठेवला, `Masked content` मध्ये `original` ठेवलं आणि सीड, म्हणजे सुरुवातीचा दाणा कसा पडेल हे ठरवणारा अंक, एकच धरून ०.३, ०.४५, ०.६, ०.७५, ०.९ अशी पाच चित्रं काढली. सीड बदलत राहिलं तर फरक आकड्यामुळे पडला की नशिबाने, हे कळत नाही.

०.३ ला पट्ट्या रंगवलेल्याच दिसत होत्या. ०.४५ ला कापड जिवंत झालं, पण पट्टीला शिवण नाही. ०.६ ला पट्टीला शिवण आली, बटण आलं, आणि कोपराजवळची प्रत्येक चुणी काकांच्या हाताला मानून बसली. ०.७५ ला कॉलरची टोकं लांबू लागली. आम्ही ०.६ घेतला. काकांनी पुन्हा मोबाइल मोठा केला, मणी बघितले आणि काही न बोलता परत दिला.

तेव्हापासून पाच चित्रांची ही पट्टी प्रत्येक नव्या कापडासाठी काढतो. रंग साधारण तोच आणि फक्त विणकाम बदलायचं असेल तर ०.४ ते ०.५ मध्ये भागतं. खाली रंग ओतलेला असेल तर ०.५५ ते ०.६५. कॉलरचा घाटच बदलायचा तर ०.७५ च्या पुढे जावं लागतं, आणि तिथे मूळ फोटोवरून काढलेला डेप्थचा नकाशा, म्हणजे काय जवळ आणि काय लांब हे दाखवणारं चित्र, कंट्रोलनेट या जोड-प्रोग्रॅममधून सोबत द्यावा लागतो, नाहीतर हात भटकतो. हे आकडे आमच्या फोटोंचे, आमच्या प्रोग्रॅमचे. दुसऱ्याने जशेच्या तसे उचलू नयेत.

एक गोष्ट उलटी निघाली. गडद शर्टाचा फिका करणं जमत नव्हतं. `Multiply` ने रंग गडदच होतो, उजळत नाही. काळा शर्ट उजळायला गेलो की चुण्यांच्या जागी करडा चिखल, आणि तो झाकायला आकडा ०.८ वर न्यावा लागायचा. मग हात-मान पुन्हा धोक्यात. त्यावर उपाय काँप्युटरवर सापडलाच नाही. आम्ही कारखानदारांना सांगायला लागलो, "नमुना फिक्या राखाडी कापडात शिवून द्या." काहींनी कुरकुर केली, राखाडीचा तागा कोण आणणार म्हणून. शेवटी आम्हीच तागा आणून ठेवला. बारा रंगांचं काम एका फोटोवर निघायला लागलं ते त्या ताग्यामुळे.

माणसाला हात लागलेला नाही हे डोळ्यांवर सोडत नाही. मास्कबाहेर काही केलं नाही असं वाटलं तरी फोटो त्या लहान रूपात जाऊन परत येतो, आणि तेवढ्यात पापण्या, मिशांचे केस, बिल्ल्यावरची अक्षरं किंचित विरघळतात. काही प्रोग्रॅम बाहेरचा भाग आपोआप मूळ फोटोतून परत चिकटवतात, काही नाही. म्हणून शेवटी आम्हीच चिकटवतो. तिन्ही फाइलींचा आकार एकच हवा :

```python
from PIL import Image

asal = Image.open("asal.png").convert("RGB")
badal = Image.open("badal.png").convert("RGB")
mask = Image.open("mask.png").convert("L")
Image.composite(badal, asal, mask).save("final.png")
```

मास्क जिथे पांढरा तिथे नवा शर्ट, काळा तिथे मूळ माणूस. कडेला दोन-चार पिक्सेलचा धूसरपणा ठेवतो, नाहीतर कात्रीने कापल्यासारखं दिसतं. मग गिंपमध्ये मूळ फोटोवर नवा ठेवून थराला `Difference` लावायचं. शर्ट सोडून सगळं काळं कुळकुळीत दिसलं पाहिजे. काळ्यावर भुतासारखा चेहरा उमटला, तर चिकटवायचं राहिलं आहे किंवा मधे कोणीतरी जेपीजी करून ठेवलं आहे. आमच्याकडे दुसरं कारण जास्त वेळा निघतं, आणि तो कोणीतरी बहुधा मीच असतो.

काही कामं घेत नाही. पूर्ण बाहीची अर्धी बाही करून द्या, असं सारखं विचारतात. त्यात कापड बदलत नाही, हात नव्याने काढावा लागतो. फोटोत नसलेला दंड प्रोग्रॅम मनानेच रचतो. गोंदण, व्रण, केस काहीही. तो त्या माणसाचा हात नसतोच. तेव्हा बाही वाढवतो, कमी करत नाही, आणि अंगावरचं कापड कमी करणारी कुठलीच मागणी घेत नाही. मॉडेलकडून जे लिहून घेतो त्यातही हे वाक्य आहे. छापील डिझाइन असेल तर तेही शब्दांतून मागत नाही, नाहीतर गिऱ्हाइकाला कारखान्यात नसलेलं डिझाइन दिसतं. खऱ्या कापडाचा सपाट फोटो शर्टावर वाकवून बसवतो आणि ०.३ वर फक्त कडा मिसळून घेतो.

अर्धी बाही हवी असेल तर मॉडेलला अर्ध्या बाहीचा राखाडी शर्ट घालून दुसरा फोटो काढतो. त्याचे पैसे वेगळे लावतो.