वॉल्सची नोंद: ५०.६ चा काय-वर्ग मागे घेतोय, आणि कोरकूची जागा सापडत नाहीये

मागच्या नोंदीत मोठ्या आनंदाने टाकलेला शब्दक्रमाचा तक्ता मागे घेतोय. आकडे बरोबर होते, बेरीजही बरोबर होती, पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. गेले तीन आठवडे त्याच्याच मागे लागलो आहे.

तक्ता पुन्हा मांडतो. वॉल्स म्हणजे जगभरच्या भाषांच्या रचनेचा नकाशासंग्रह. त्याच्या ९७ ए नकाशात कर्म-क्रिया क्रमाच्या भाषांपैकी २१६ भाषांत विशेषण नामाआधी येतं आणि ३३२ भाषांत नामानंतर. क्रिया-कर्म क्रमाच्या भाषांत हेच आकडे ११४ आणि ४५६ आहेत. म्हणजे कर्म-क्रियावाल्यांत ३९ टक्के भाषा ‘मोठं घर’ म्हणतात आणि क्रिया-कर्मवाल्यांत फक्त २० टक्के. फरक योगायोगापलीकडे किती आहे हे मोजणारा काय-वर्ग ५०.६ येतो. योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता अब्जात एकाहूनही कमी. मी लिहून मोकळा झालो की क्रियापद शेवटी असेल तर विशेषण आधी येण्याकडे कल असतो. मराठी बोलणाऱ्याला हे पटकन पटतंही, कारण आपल्याकडे क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामानंतर आणि विशेषण नामाआधी असं सगळं एका ओळीत बसलेलं आहे. १९७०च्या दशकात लेमन आणि फेनेमान या भाषाशास्त्रज्ञांनीही विशेषणाला याच साखळीत ओवलं होतं. ग्रीनबर्गच्या १९६३च्या यादीत मात्र असा सरळ नियम नाही. ग्रीनबर्ग तिथेच थांबला होता, हे मला आता जास्त जाणवतंय.

गडबड कळली ती एका साध्या प्रयोगामुळे. तक्त्यातल्या प्रत्येक भाषेची आणखी एक प्रत फाइलमध्ये टाकली. टक्केवारी तीच राहिली, जगाबद्दल नवी काहीच माहिती मिळाली नाही, पण काय-वर्ग दुप्पट झाला, १०१ च्या वर गेला. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली वेगवेगळ्या ओळी म्हणून मोजतो तेव्हा आपण जवळपास हेच करत असतो. या चौघींनी ‘विशेषण आधी’ हा निर्णय चार वेळा घेतलेला नाही. तो वारशाने आला आहे. ४५६ चा खोकाही तसाच भरला आहे. त्यात नायजर-काँगो आणि ऑस्ट्रोनेशियन या दोन अवाढव्य कुळांचा मोठा वाटा आहे. २१६ च्या खोक्यात भारतीय-आर्य, द्राविड, तुर्की अशी आशियाई मंडळी गर्दी करून आहेत. मी क्रमांचा संबंध तपासतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात बऱ्याच अंशी आशियाची आफ्रिकेशी आणि प्रशांत बेटांशी तुलना करत होतो. संख्याशास्त्रज्ञ गाल्टनने मानववंशशास्त्रज्ञ टायलरला हीच शंका विचारली होती, १८८८ साली. तेव्हा विषय विवाहपद्धतींचा होता.

म्हणून भाषाशास्त्रज्ञ मॅथ्यू ड्रायरची पद्धत घेतली. एकेका भाषेऐवजी जीनस मोजायचा, म्हणजे आपल्या भारतीय-आर्य शाखेएवढा गट. एका जीनसमध्ये दोन्ही क्रम असतील तर तो दोन्हीकडे एकेकदा धरायचा. मग जग सहा मोठ्या क्षेत्रांत विभागायचं आणि प्रत्येक क्षेत्रात फरकाची दिशा कोणती आहे एवढंच पाहायचं. सहाही ठिकाणी भाकीत केलेलीच दिशा निघाली तर योगायोगाची शक्यता ६४ त १. एका क्षेत्रात कितीही भाषा असल्या तरी मत एकच. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण हिशोब कागदावरही करता येतो. कोड एवढाच:

```python
g = (d.groupby(["Macroarea", "Genus", "ov"])["an"]
       .mean().reset_index())

def farak(t):
    return t[t.ov == 1].an.mean() - t[t.ov == 0].an.mean()

print(g.groupby("Macroarea").apply(farak))
```

`d` म्हणजे दोन्ही क्रमांचे तक्ते एकत्र सांधलेली फाइल. `ov` म्हणजे कर्म-क्रिया असेल तर १, नाहीतर ०. `an` म्हणजे विशेषण आधी असेल तर १. ‘ठरलेला क्रम नाही’ अशा ओळी आधीच काढल्या आहेत. यासाठी स्प्रेडशीट वापरू नका, असं अनुभवाने सांगतो. मी सुरुवातीला तेच केलं आणि सॉर्ट करताना एक स्तंभ निवडायचा राहिला. विशेषणं एका भाषेची आणि क्रियापदं दुसरीची अशी जुळवणी झाली. ते कळायला दोन संध्याकाळी गेल्या. पर्शियनची ओळ पाहिली म्हणून सापडलं, नाहीतर सापडलंच नसतं. तेव्हापासून सांधलेली फाइल वापरण्याआधी पर्शियन, बास्क आणि तिबेटी या तीन ओळी डोळ्याने तपासतो. तिन्ही कर्म-क्रियावाल्या, तिन्हींत विशेषण नामानंतर. तिबेटीत ‘लाल घर’ म्हणजे ‘खांगपा मारपो’, घर आधी आणि लाल नंतर.

उत्तर आलं ते ड्रायरने १९८८ मध्येच सांगून ठेवलेलं. विशेषणाचा कल युरेशियाच ओढून धरतो, बाहेर गेलं की टिकत नाही. पडताळ्यासाठी हाच कोड शब्दयोगी अव्ययांवर चालवला. ९५ ए नकाशात कर्म-क्रियावाल्यांपैकी ४७२ भाषांत अव्यय नामानंतर आणि १४ भाषांत आधी येतं, क्रिया-कर्मवाल्यांत हेच आकडे ४२ आणि ४५६ आहेत. तिथला काय-वर्ग ७७५ म्हणजे फुगलेलाच, पण जीनस मोजले, क्षेत्रं पाडली, तरी दिशा सगळीकडे एकच राहते. गाळणी खोटं अडवते आणि खरं सोडते, हे पाहून फार बरं वाटलं.

इथेच नोंद संपायला हवी होती. पण `Macroarea` हा स्तंभ नीट पाहिला आणि पुन्हा अडकलो. वॉल्सच्या फाइलमधली क्षेत्रं ड्रायरची नाहीत. फाइलमध्ये थाई, ख्मेर, व्हिएतनामी सगळ्या युरेशियात आहेत. थाईत ‘मोठं घर’ म्हणजे ‘बान याई’, घर आधी, आणि क्रियापद कर्माच्या आधी. अशा भाषा आपल्या आणि तुर्की भाषांच्या शेजारी एकाच क्षेत्रात ठेवल्या की तिथला फरक आणखी उठून दिसतो. ड्रायर आग्नेय आशिया आणि ओशनिया वेगळं क्षेत्र धरतो आणि चिनी-तिबेटी कूळही तिकडेच नेतो. फाइलमधल्या पापुनेशियात तर न्यू गिनी आणि प्रशांत बेटं एकत्र आहेत. ज्यांनी ज्यांनी तयार स्तंभ तसाच वापरला आहे त्यांनी निकाल पुन्हा तपासावेत. मी क्षेत्रांचा नवा स्तंभ हाताने भरला. काम कंटाळवाणं असलं तरी एका रात्रीत होतं.

हाताने भरताना कोरकूवर आलो आणि थांबलो.

कोरकू आपल्या मेळघाटातली. मुंडा शाखेची, म्हणजे ऑस्ट्रोएशियाटिक कुळाची. कुळाने पाहिलं तर तिचे नातलग मेघालयातली खासी, ख्मेर आणि व्हिएतनामी. या सगळ्यांत क्रियापद कर्माआधी येतं आणि अव्ययं नामाआधी. मुंडा भाषांत उलट आहे: क्रियापद शेवटी, विशेषण आधी, प्रत्यय-अव्ययं नामानंतर. म्हणजे या शाखेत कधीतरी सगळंच पालटलं, आणि संख्याशास्त्राला अशीच घटना हवी असते. वारसा तर वेगळा होता, म्हणजे बदल स्वतंत्र. पण तो घडला कुठे? जिथे चारी बाजूंना कर्म-क्रियावाल्या, विशेषण आधी ठेवणाऱ्या भाषा आहेत. आज कोरकूच्या शेजारी मराठी, हिंदी, गोंडी. भाषाशास्त्रज्ञ एमेनोने १९५६ मध्ये भारताला एक भाषिक क्षेत्र म्हटलं ते वेगवेगळ्या कुळांच्या शेजारी भाषांत साम्यं पसरलेली दिसतात म्हणून. एका क्रमाने दुसऱ्याला ओढलं, की दोन्ही क्रम शेजाऱ्यांकडून वेगवेगळे आले, हे एकट्या मुंडा शाखेवरून सांगता येत नाही. (डोनेगन आणि स्टॅम्प तर हा बदल आतूनच, उच्चाराच्या लयीतून झाला असं मानतात.) बुलढाणा जिल्ह्यातली निहाली याहून अवघड. तिचं कूळच स्वतंत्र, म्हणून ‘प्रत्येक कुळाचं एक मत’ हा नियम लावला तर तिला अख्ख्या नायजर-काँगोएवढं वजन मिळतं. पण तिने कोरकू आणि मराठीकडून इतकं घेतलं आहे की तिचं मत स्वतंत्र धरायला मन धजत नाही. कुळाने वेगळी असणं आणि स्वतंत्र असणं या दोन गोष्टी मी आजवर एकच समजत होतो.

पुढचा बेत वंशवृक्षांचा होता. डन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चार कुळांवर केलं तसं. त्यासाठी बेझट्रेट्स हा प्रोग्रॅम उतरवूनही घेतला. तो आता बाजूला ठेवतोय. एक कारण म्हणजे ग्लोटोलॉग या भाषासूचीतल्या वृक्षांत फांद्यांची लांबी नसते, ती कुठून तरी आणून लावावी लागते. दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या चारांपैकी बांटू पाहा. तिथे क्रियापद जवळपास सगळीकडेच कर्माआधी. फारसं काही बदललंच नाही, तर दोन बदल जोडीने होतात का हे तिथे दिसणार कसं? ‘या कुळात संबंध आढळला नाही’ आणि ‘या कुळात संबंध नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

ही नोंद लिहिता लिहिताच दुसरी वाट सुचली. ज्या शाखेने क्रियापदाची जागा बदलली आणि जिच्या बहिणींनी नाही बदलली, अशाच जोड्या गोळा करायच्या, आणि प्रत्येक जोडीसमोर शेजाऱ्यांचा विशेषणक्रम लिहायचा. मुंडासमोर जोडी लगेच सापडली, न्यू गिनीच्या किनाऱ्यावरची मोटू. कूळ ऑस्ट्रोनेशियन. दूरची बहीण फिजीची भाषा, तिथे क्रियापद कर्माआधी आणि अव्ययं नामाआधी. मोटूने पापुआ भाषांच्या सहवासात क्रियापद शेवटी नेलं, अव्ययंही नामानंतर नेली. विशेषण मात्र जिथे होतं तिथेच: ‘रुमा बादाना’, घर मोठं. आणि तिथल्या पापुआ भाषांतही विशेषण सहसा नामानंतरच येतं.

म्हणजे दोन्हीकडे क्रियापद हललं तसं अव्यय हललं. विशेषण भारतात नामाआधी आलं, न्यू गिनीत हललं नाही, आणि दोन्हीकडे ते शेजाऱ्यांसारखंच आहे. दोनच जोड्या आहेत, पण गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुठेतरी पोचल्यासारखं वाटलं.

तिसरी जोडी इथिओपियातली अम्हारिक आणि तिची सेमिटिक बहीण अरबी धरली आहे. अम्हारिकने क्रियापद शेवटी नेलं आणि विशेषण आधी आणलं. शेजारच्या ओरोमोत विशेषण नामानंतर, अगाव भाषांत आधी. यातला खरा शेजारी कोण मानायचा, यावर अडलो आहे. इथिओपियाच्या भाषा कोणी नीट वाचल्या असतील तर सांगा. तोवर कोरकूचा क्षेत्राचा रकाना मी रिकामा ठेवला आहे.