गेम ओव्हरनंतरचं गाणं

दादाचा जुना गेमबॉय आज कपाटातून काढला. चार पेन्सिल सेल घातले, आत 'सुपर मारिओ लँड २' ची कार्ट्रिज होतीच. १९९२ चा गेम. उड्या मारण्यात मी कच्चीच, त्यामुळे थोड्याच वेळात गेम ओव्हर. तेवढ्यात आईने हाक मारली. गेमबॉय तसाच चालू ठेवून गेले, आणि परत येते तर भलतीच चाल वाजत होती.

आधी वाटलं, सेल उतरले. पण सेल उतरले की लाल दिवा मंदावतो आणि पडदा फिका पडतो. इथे दोन्ही ठणठणीत. शिवाय ती चाल माझ्या ओळखीची होती. 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये गिटार वाजवणाऱ्या कुत्र्याकडे 'K.K. Song' मागितलं की तो हीच वाजवतो. तो गेम कितीतरी नंतरचा, मग ही इथे कशी?

शोधलं तर उलगडलं. दोन्हींचे संगीतकार काझुमी तोताका. एकोणीस सुरांची ही छोटीशी चाल ते आपल्या गेममध्ये कुठेतरी लपवून ठेवतात, सही केल्यासारखी. त्या कुत्र्याचं जपानी नाव तोताकेके, तेही त्यांच्याच नावावरून. इथे ती ऐकायची तर गेम ओव्हरच्या पडद्यावर कुठलंही बटण न दाबता साधारण अडीच मिनिटं थांबायचं. बस्स.

खात्री करायला मुद्दाम पुन्हा मेले (यात मात्र मी तरबेज आहे) आणि घड्याळ लावून बसले. चाल तेवढ्याच वेळाने आली. म्हणजे बिघाड नाही, योगायोगही नाही. पडदा आला की आत कुठेतरी मोजणी सुरू होत असणार.

लपवायला जागा काय शोधलीय! या गेममध्ये गेम ओव्हर झालं की जमवलेली सोन्याची नाणी जातात, ती परत मिळवायला त्या-त्या बॉसशी पुन्हा लढायचं. अशा वेळी चिडलेला माणूस धाडकन स्टार्ट दाबणार. चांगला खेळणारा तर त्या पडद्यापर्यंत क्वचितच पोचणार. दादा दोन्ही होता, चांगला खेळणारा आणि चिडका.

रात्री त्याला फोन केला.

"गेम ओव्हरवर अडीच मिनिटं कोण बसतं गं?"

"मी बसले. ऐक."

फोन स्पीकरला लावला. अडीच मिनिटं त्याला गप्प ठेवणं हे खरं अवघड काम, मधे दोनदा "झालं का?" विचारून झालं. मग चाल सुरू झाली आणि तो हसायलाच लागला. इतकी वर्षं हातात असलेल्या गेममध्ये हे होतं, यावर त्याचा विश्वास बसेना.

आणि मग एकदम गंभीर आवाजात, "थांब. तीन फायली आहेत त्यात. तू कुठल्या फाईलवर मेलीस?"




"रिकाम्या," म्हटलं. त्याने ते दोनदा वदवून घेतलं.