दिवाडीची फेरीबोट

"सिक्स ऑफ स्वोर्ड्स: अर्धं बरोबर." आमच्या टॅरोवाल्या ताई नेहमीच्या लोकांना वर्षअखेरीला पत्र पाठवतात, ते आज आलं. त्यातली ही माझी ओळ.

टॅरोच्या या पत्त्याच्या चित्रात एक होडी आहे. मागे उभा नावाडी, पुढे डोक्यावरून शाल ओढलेली बाई, शेजारी मूल, आणि होडीत सहा तलवारी रोवलेल्या. जानेवारीत मुलाच्या नोकरीचं विचारलं तेव्हा हाच निघाला. "पाण्यापलीकडे जाईल," ताई म्हणाल्या. आम्ही लगेच दुबई धरली, गोव्यात दुसरं काय सुचणार! मुलगा आता रोज ओल्ड गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला कामावर जातो.

मी तर खूश होते, पत्ता खरा ठरला म्हणून. ताईंनी मात्र स्वतःला अर्धेच गुण दिलेत.

त्यांची पद्धत पत्रातच आहे. वाचनाच्या दिवशी प्रश्न, पत्ते आणि तोंडून गेलेलं वाक्य वहीत जसंच्या तसं टिपायचं. डिसेंबरात तपासायचं ते वाक्य, नंतर लावलेला अर्थ नव्हे. 'पाण्यापलीकडे'मध्ये दुबई बसते, दिवाडी बसते, पणजीहून बेतीसुद्धा. शिवाय मुदत सांगितलीच नव्हती. अशी कुठेही बसणारी वाक्यं त्या पूर्ण बरोबरमध्ये धरतच नाहीत.

शेजारीण म्हणाली, "मग पैसे कशाला देतेस गो?"

मला उलट वाटलं. तुमच्या ज्योतिषांनी न जुळलेलं कधी लिहून पाठवलंय?