ओव्हरटाइम छापला, पण पगारात धरला नाही

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका सळईच्या कारखान्यात मी पगारपत्रके तयार करतो. गेल्या पावसाळ्यात बदनापूरकडचा एक कामगार पगार स्लिप घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, ओव्हरटाइम कागदावर हाय, पण खात्यात कुठं हाय?"

स्लिपवर मूळ वेतन 12,000, महागाई भत्ता 3,000, घरभाडे भत्ता 1,500, प्रवास भत्ता 800 आणि ओव्हरटाइम 900 असे पाच आकडे होते. त्यांची बेरीज 18,200 व्हायला हवी, पण खाली 17,300 छापले होते. पीएफ 1,800, ईएसआय 130 आणि व्यवसाय कर 200 वजा होऊन निव्वळ 15,170 रुपये आले होते. विशेष म्हणजे त्याच एक्सेल शीटमधला तपासणीचा रकाना "बरोबर" म्हणत होता. तेथे B4 ते B8 मध्ये हे पाच आकडे, B9 मध्ये त्यांची बेरीज, D9 मध्ये एकूण कपात आणि D10 मध्ये निव्वळ रक्कम होती.

```
B9:  =SUM(B4:B8)
D10: =B9-D9
D11: =IF(D10=B9-D9,"बरोबर","तपासा")
```

असल्या तपासणीला काही अर्थ नसतो, कारण D10 ज्या सूत्राने येतो त्याच सूत्राशी तो ताडला जातो, आणि B9 चुकला तरी दोन्ही बाजू सारख्याच चुकतात. तपासणी वेगळ्या वाटेने व्हायला हवी, म्हणून मी शेजारच्या रिकाम्या रकान्यांत दोन सूत्रे लिहिली.

```
=B4+B5+B6+B7+B8-B9
=COUNT(B4:B8)
```

पहिल्याचे उत्तर शून्याऐवजी 900 आले आणि दुसऱ्याचे पाचाऐवजी चार. ओव्हरटाइमचा आकडा हजेरी विभागाच्या यादीतून चिकटवलेला असल्यामुळे एक्सेलने तो मजकूर म्हणून ठेवला होता. अधिक चिन्हाने बेरीज केली की एक्सेल अशा मजकुराचा आकडा करून घेते, पण SUM आणि COUNT रकान्यांतील मजकूर मुकाट्याने वगळतात. एरवी असा आकडा डाव्या कडेला सरकलेला दिसतो, पण देखणेपणासाठी कोणीतरी सगळा तक्ता मध्यभागी आणून ठेवला होता, त्यामुळे ती खूणही गेली होती.

रकान्याचे स्वरूप बदलून "नंबर" केल्याने काहीच फरक पडत नाही, हे येथे पुष्कळांना ठाऊक नसते. आकडा पुन्हा टंकावा लागतो किंवा कन्व्हर्ट टू नंबर वापरावे लागते. तसे करताच एकूण 18,200 झाले. पीएफ मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर असल्याने 1,800च राहिला, मात्र ईएसआय तेव्हा ओव्हरटाइमवरही लागत होता, म्हणून तो वाढला.

```
=ROUNDUP(B9*0.75%,0)
```

17,300 वर 130 येणारी कपात आता 137 झाली आणि निव्वळ रक्कम 16,063 आली. त्याच यादीतून ओव्हरटाइम चिकटवलेल्या इतरांच्या स्लिपाही COUNT लावून पाहिल्या आणि त्या सगळ्या दुरुस्त कराव्या लागल्या.

फरकाचे 893 रुपये मिळाल्यावर तो कामगार पुन्हा आला, कारण त्याच्या हिशेबाने ते 900 हवे होते. दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून ईएसआयच्या ओळीतील सात रुपये दाखवले, तेव्हा त्याने नव्या स्लिपवर सही केली.