खो-खोच्या मैदानावर बालसुरक्षेची आचारसंहिता लागू करताना: माझा अनुभव

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं खो-खोचं मंडळ आहे. शाळा सुटली की हायस्कूलच्या मैदानावर सराव सुरू होतो, दिवेलागणीनंतरही थोडा वेळ चालतो. शिकवणारे आम्ही सगळे बिनपगारी. मी पतसंस्थेत कामाला आहे, एक जण कृषी सेवा केंद्र चालवतो, आणि बी.पी.एड. करून भरतीची वाट बघणारी दोन पोरं हाताशी आहेत. एका मोठ्या स्पर्धेच्या आयोजकांनी कळवलं की संघासोबत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचा पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला हवा आणि सही केलेली आचारसंहिता हवी. दाखला मिळवणं सोपं गेलं. आचारसंहितेने मात्र दम काढला.

कुणीतरी शहरातल्या एका क्लबचा तयार मसुदा पाठवला होता. त्यात लिहिलं होतं की चेंजिंग रूममध्ये प्रशिक्षकाने जाऊ नये. आमच्याकडे चेंजिंग रूमच नाही. दुसरं कलम, मुलाला एकट्याने गाडीवर नेऊ नये. आमच्या निम्म्या मुली तांड्यावरून आणि वाड्यांवरून येतात, संध्याकाळची एसटी चुकली की कुणाच्या तरी मोटारसायकलवर डबलसीट गेल्याशिवाय घर गाठता येत नाही. नुसत्या सह्या ठोकल्या असत्या तर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी नियम मोडले असते, आणि मोडायची सवय लागलेला नियम नसलेलाच बरा. म्हणून आम्ही मसुदा समोर ठेवून एकेक कलम आपल्या मैदानावर तपासलं.

देखरेखीचं कलम शेवटी असं ठरलं: सराव चालू असताना किमान दोन मोठी माणसं मैदानावर, मुलींचा गट असेल तर त्यातली एक बाई. दुसरं कुणी आलं नाही तर त्या दिवशी सराव नाही. डबलसीटबद्दल, कोणत्याही प्रशिक्षकाने एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवर घ्यायचं नाही. घर लांब असलेल्यांचा सराव आता आधी संपतो, म्हणजे एसटी सापडते. तरी कुणी मागे राहिलंच तर घरी फोन करायचा आणि न्यायला माणूस येईपर्यंत फाटकाजवळ चहाच्या गाड्यापाशी, दिव्याखाली थांबायचं. शाळेच्या वर्गात नाही, व्हरांड्यात नाही. चार लोकांना दिसेल अशा जागी. आमच्यातल्या एकाला हे फार लागलं, “म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?” म्हणाला. मी म्हटलं, “विश्वासाचा प्रश्नच नाही. उद्या कुणी तुझ्यावर खोटा आळ घेतला तर तुझ्या बाजूनं बोलायला चहावाली मावशी तरी असेल.” हे त्याला पटलं.

कपडे बदलायला स्पर्धेच्या गावी बहुतेक वेळा शाळेचा वर्ग मिळतो. खिडक्यांची तावदानं फुटकी, कडी असेलच असं नाही. आता आमच्या किटमध्ये नीकॅप आणि प्रथमोपचाराच्या पेटीबरोबर तीन जुन्या चादरी, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे असतात. पोहोचल्या पोहोचल्या आधी खिडक्या झाकायच्या. मुली आत, मी किंवा सोबतची एखादी आई दाराबाहेर, दाराकडे पाठ करून, पण आवाज ऐकू येईल इतकी जवळ. मुलांच्या वर्गाबाहेर पुरुष प्रशिक्षक तसाच उभा. पोरांना कसली आलीय लाज, असं काही जण म्हणाले. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालचा मुलगाही मूलच आहे, आणि पोरांच्या वर्गात मोठ्यांची ये-जा जास्त बिनधास्त असते, त्यामुळे तिथं नियम अधिक कडक हवा. मोठ्यांनी मुलांसोबत कपडे बदलायचे नाहीत. आणि त्या वर्गात मोबाईल नाही, म्हणजे कुणाचाच नाही, मुलींचे स्वतःचेसुद्धा नाहीत. सगळे फोन एका कापडी पिशवीत, पिशवी दाराबाहेरच्या माणसाकडे. बरेचदा मुलीच एकमेकींचे गंमतीत फोटो काढतात आणि ते भलतीकडे पोहोचतात.

मांडीला किंवा कंबरेला लचक भरली की मालिश, पट्टी, स्प्रे हे मैदानाच्या कडेलाच, आधी त्या खेळाडूला विचारून, दुसरी खेळाडू शेजारी बसवून.

फोटोचं कलम करताना आमचा वेगळाच पेच झाला. संमतीपत्रावर पालकांची सही हवी, आणि दिवाळीनंतर आमच्या कित्येक मुलींचे आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेले असतात. घरी आजी. आजीचा अंगठा घेतला की झालं, असं कुणी म्हटलं तर कागद पूर्ण होतो, संमती होत नाही. म्हणून आता फॉर्म दसऱ्याच्या आधीच भरून घेतो, आईबाप गावात असताना. खेळायची परवानगी आणि फोटोची परवानगी या दोन वेगळ्या सह्या. फोटोला नाही म्हटलं तरी संघातली जागा जात नाही, हे फॉर्मवर ठळक छापलंय आणि मुलीलाही वेगळं विचारतो. फोटो मंडळाच्या एकाच फोनवर काढायचा, ट्रॅकसूटवर, संघाचा एकत्र. खो-खोत खुंटाजवळ झेप घेताना किंवा सूर मारताना बनियन वर सरकतं, असे क्षण काढायचे नाहीत, ताणाचे व्यायाम चालू असतानाही नाहीत. मुलीचं पूर्ण नाव, शाळा आणि गाव फोटोखाली एकत्र द्यायचं नाही.

तक्रारीच्या कलमावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तेच पुढे कामाला आलं. पुढची हकीकत सांगताना मी खेळाडूचं वय, गाव, काळ सगळं बदललं आहे. मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून.

आम्ही दोन जण नेमले: मी आणि एक निवृत्त शिक्षक. दोन यासाठी की एकाबद्दलच काही सांगायचं असेल तर दुसऱ्याकडे जाता यावं. आमची नावं, फोन आणि खाली 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर मैदानाच्या भिंतीवर रंगवला. सोबत एक वही ठेवली. नियम मोडला गेला, किंवा काही खटकलं, तर तारीख, वेळ, काय पाहिलं, कोण होतं एवढंच लिहायचं. ‘तो तसलाच आहे’ असं नाही लिहायचं. पावसात एकाने मुलीला गाडीवर सोडलं, स्वतःच येऊन सांगितलं, ते लिहिलं आणि तिथंच संपलं. वहीतली प्रत्येक नोंद गुन्हा नसते.

सरावाला मदत करणाऱ्या एका तरुणाबद्दल वहीत दोन छोट्या नोंदी होत्या. एक, तो मुलींच्या वर्गाच्या दाराशी “बाटली राहिली” म्हणून आला होता. दुसरी, त्याने मंडळाच्या फोनऐवजी स्वतःच्या फोनवर फोटो काढले. सुट्ट्या सुट्ट्या वाचल्या तर काहीच नाही. मग एका संध्याकाळी एक मुलगी बूट बांधत बांधत माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, ते सर रात्री मेसेज करतात. फोटो मागतात. वाचलं की डिलीट कर म्हणतात.”

अशा वेळी आपल्या तोंडून काय बाहेर पडतं यावर पुढचं ठरतं. “कुणाला सांगणार नाही” असं मी म्हटलं नाही, कारण ते पाळता येणार नव्हतं. एवढंच म्हटलं की तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आणि तुला मदत करू शकतील अशा लोकांनाच मी सांगेन. “कसले फोटो? कधीपासून? तू काय पाठवलंस?” हे प्रश्न विचारले नाहीत. तपास करणं माझं काम नव्हे, आणि चार लोकांनी चार वेळा तेच विचारलं की लेकराचं सांगणं बदलत जातं. ती घरी गेल्यावर वहीत तिचेच शब्द जसेच्या तसे लिहिले. तिच्या फोनमधले स्क्रीनशॉट माझ्या फोनवर घेतले नाहीत. मुलाचं आक्षेपार्ह छायाचित्र आपल्याकडे साठवणंही आपल्याला अडचणीत आणू शकतं. आईला फक्त सांगितलं की फोन आहे तसा ठेवा, काही पुसू नका.

मग आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णा चांगले माणूस आहेत, आणि चांगल्या माणसासारखंच बोलले: “आधी आपण त्याला बसवून विचारू. एकदम पोलीस कशाला? दोन्ही घरं आपलीच आहेत.” त्यांच्यासमोर मी आम्हीच लिहिलेलं कलम ठेवलं. पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडण्याची शक्यता वाटत असेल, तर कुणीही असो, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करण्याची अट नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखाने गप्प बसल्यास एक वर्षापर्यंत कैद. आण्णांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं. “बसवून विचारू” म्हणजे त्या तरुणाला फोन साफ करायला एक रात्र देणं, हे निवृत्त गुरुजींनी त्यांना सांगितलं. त्याच संध्याकाळी आम्ही ठाण्यात गेलो.

मी तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि नोंदीचा क्रमांक दिला. हा क्रमांक मागून घ्यायचाच. मुलीच्या आईची धास्ती वेगळी होती: लेकराला ठाण्यात न्यावं लागेल आणि गावात बोभाटा होईल. तसं करावं लागलं नाही. कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात येऊन घ्यायचा असतो. साडी नेसलेल्या दोघी जणी आल्या, गल्लीत कुणाला वाटलं बचत गटाच्या बायका असतील. पोलिसांना चोवीस तासांत बालकल्याण समितीलाही कळवावं लागतं, त्यामुळे पुढची विचारपूस तिकडूनही झाली. त्या तरुणाला आम्ही निकाल लागेपर्यंत मैदानावर येऊ नको एवढंच कळवलं, तेही पोलिसांना विचारून, कारण न सांगता. गावात चर्चा झालीच. “मंडळाकडून काही बोलणार नाही” हे एकच वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ केलं. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून पुढचं लिहीत नाही. मुलगी सरावाला येते.

यानंतर आचारसंहितेत एक कलम वाढवलं: प्रशिक्षकाने कोणत्याही खेळाडूला खासगी मेसेज करायचा नाही. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच, आणि रात्री आठनंतर तिथेही नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर ऊसतोडीला गेलाय, तिथं ग्रुप उपयोगी पडत नाही. अशा मुलींचा निरोप त्यांच्या वर्गशिक्षिकेकडे जातो.

फोटोचं कलम मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. संघ जिंकला की स्थानिक पेपरचा बातमीदार पूर्ण नावं आणि शाळा मागतो, पालकांनाही कात्रण हवं असतं. सध्या आम्ही त्याच्या हातात ज्यांची संमती आहे तेवढीच यादी देतो आणि उरलेल्या मुली फोटोच्या वेळी किट आवरायला थांबतात. एका मुलीच्या वडिलांनी कारखान्यावरून फोन करून विचारलं, “सगळ्यांची नावं आली, माझ्या पोरीचं का नाही?” त्यांनी फॉर्मवर फोटोला नाही म्हटलं होतं. पुढच्या दसऱ्याला फॉर्ममध्ये पेपरची वेगळी ओळ असेल.